खानदेशातल्या उन्हाळ्यात पावाचे पीठ: यीस्ट आत काय करते आणि पीठ का फुगते

मे महिन्यात जळगावात घरी पाव करायला घेतला की पाककृतीत लिहिलेली वेळ पहिल्याच दिवशी खोटी ठरते. ‘पीठ दुप्पट होईपर्यंत दीड तास झाकून ठेवा’ असे लिहिलेले असते आणि इकडे पाऊण तासाच्या आतच पीठ भांड्याच्या काठावरून डोकावू लागते. मीही पहिल्यांदा हे पाहून खूश झालो होतो. त्या दिवशी पाण्याच्या टाकीतून नळाला आलेले पाणी तसेच वापरले, पाच ग्रॅम यीस्ट घातले, पस्तीस मिनिटांत पीठ दुपटीहून अधिक वर आले आणि ओव्हनमध्ये गेल्यावर पावाचा मधला भाग खाली बसला. वरचा कवच-भाग फिकट राहिला आणि कापल्यावर आतून आंबूस, थोडा दारूसारखा वास आला. यीस्ट चांगले होते, मैदा ताजा होता आणि ओव्हनही बरोबर तापला होता. चूक पाण्याच्या तापमानात होती, आणि ती का होती हे समजण्यासाठी पिठाच्या आत काय चालते ते आधी पाहावे लागते.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पावासाठी वापरल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसीस सेरेव्हिसी असे आहे. चिमूटभर कोरड्या यीस्टमध्ये अशा पेशी अब्जांच्या संख्येने झोपलेल्या असतात आणि ओलावा मिळाला की त्या जाग्या होतात. त्यांना साखर लागते. मैद्यात स्वतःची साखर थोडीच असते, पण मैद्यातली अमायलेज नावाची विकरे पाणी मिळताच स्टार्चचे तुकडे करून माल्टोज ही साखर तयार करू लागतात. दळताना ज्या स्टार्चकणांना तडे गेले आहेत, त्यांच्यावर हे काम विशेष लवकर होते. आपण वरून घातलेली साखर यीस्ट पेशीबाहेरच आपल्या विकराने ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडून घेते. मग पेशीच्या आत ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण पाव लिटर वायू मिळतो. पाचशे ग्रॅम मैद्याचे पीठ साधारण पाऊण लिटर जागा व्यापते. ते दुप्पट होण्यासाठी पाऊण लिटर वायू पुरतो, म्हणजे काहीही वाया गेले नाही असे धरले तर जेमतेम तीन ग्रॅम साखर. प्रत्यक्षात काही वायू निसटतो, काही पाण्यात विरघळून राहतो आणि पीठ दोनदा फुगवायचे असते, त्यामुळे हिशोब वाढतो. तरीही हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘यीस्टला खायला हवी’ म्हणून मूठभर साखर घालण्याची जी सवय दिसते तिला आधार नाही. साखरेचे प्रमाण बरेच वाढले तर ती पेशीतले पाणी बाहेर ओढून घेते आणि यीस्ट उलट मंदावते.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढची मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि पाव चांगला होणे न होणे बरेचसे तिच्यावर अवलंबून असते: यीस्ट पिठात नवे बुडबुडे तयार करत नाही. पेशीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड आधी आजूबाजूच्या पाण्यात विरघळतो. पाण्यात आणखी वायू मावेनासा झाला की तो जवळच्या एखाद्या तयार बुडबुड्यात शिरतो आणि त्याला मोठा करतो. हे तयार बुडबुडे आपण मळताना कोंडलेल्या हवेचे असतात. नवा बुडबुडा आपोआप का उघडत नाही, याचे कारण फुगा फुगवणाऱ्याला लगेच पटेल: पहिली फुंकर सर्वांत जड जाते. बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या पृष्ठताणामुळे आतला दाब अधिक लागतो. शून्यातून सुरुवात करायची तर लागणारा दाब इतका प्रचंड असतो की पिठात तो कधीच तयार होत नाही. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू यीस्ट काही मिनिटांत संपवून टाकते, पण नत्रवायू पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून ते सूक्ष्म पोकळ बिंदू टिकून राहतात आणि पुढे त्यांच्यातच पाव फुगतो.

यावरून मळण्याचे खरे काम कळते. मळताना हवेचे जितके बारीक आणि जितके जास्त बिंदू पिठात शिरतील, तितकी पावाची जाळी बारीक होते. एकदा फुगलेले पीठ हलकेच दाबून, घडी घालून पुन्हा आकार देण्यामागचा हेतूही हाच असतो. त्यात मोठे बुडबुडे फुटून अनेक लहान बुडबुड्यांत वाटले जातात. यीस्टला हे करता येत नाही. बुडबुड्यांची संख्या फक्त आपले हात वाढवू शकतात.

मात्र बुडबुड्याला भिंत हवी. ती ग्लुटेनची असते. गव्हातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या दोन प्रथिनांना पाणी मिळाले आणि ती मळली गेली की ताणणारे आणि परत येणारे जाळे तयार होते. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा खानदेशात पाहायला सोपे आहे. आमच्या शेजारच्या काकू पुरणाचे मांडे करायला बसतात तेव्हा कणीक इतका वेळ तिंबतात की पाहणारा कंटाळतो. मग तो मऊ गोळा पुरण भरून दोन्ही हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरतो, पलीकडचे दिसेल इतका पातळ होतो आणि तरी फाटत नाही. मग तो खापरावर टाकला जातो. पावाचे पीठ तयार झाले की नाही हे ओळखण्याची परीक्षा अगदी हीच आहे. लिंबाएवढा तुकडा घेऊन चारही बाजूंनी हळूहळू ताणावा आणि उजेडाकडे धरावा. बोटाची सावली दिसेल इतका पडदा झाला तर मळणे पुरे झाले. त्याआधीच कडा दातेरी होऊन फाटला तर अजून मळायचे आहे. माझा तुकडा पहिल्यांदा फाटला तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या होत्या, “अजून तिंब, हाताला ताण लागला पाहिजे.”

ज्वारी किंवा बाजरीच्या पिठात यीस्ट घातले तरी वायू तयार होतोच, पण ही भिंत नसल्याने तो निघून जातो. कळण्याची भाकरी पावासारखी फुगवता येत नाही ती याच कारणाने. ती तव्यावर फुगते ती वाफेने, आणि तेही वरचा थर शेकून घट्ट झाल्यावर. चक्कीच्या गव्हाच्या आट्यात ग्लुटेन असते, पण कोंड्याच्या धारदार कणांमुळे भिंती जागोजागी कापल्या जातात, म्हणून पूर्ण आट्याचा पाव मैद्याच्या पावाइतका वर येत नाही. तिसरा भाग आटा आणि उरलेला मैदा घेतला तर फरक फारसा जाणवत नाही, फक्त पाणी थोडे वाढवावे लागते. एक सावधगिरी: गिरणीतून नुकतेच आणलेले पीठ हाताला चांगले गरम लागते. ते पसरून थंड होऊ द्यावे, नाहीतर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आता तापमान. यीस्ट सर्वांत झपाट्याने वायू सोडते ते साधारण ३५ ते ३८ अंश सेल्सिअसला, आणि ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मरते. मग मे महिन्यातले ३८ अंशांचे स्वयंपाकघर पावासाठी उत्तमच नव्हे का, असा प्रश्न मलाही पडला होता. अडचण अशी की उष्णतेने फक्त यीस्टच धावत नाही. पिठातले आंबवणारे जिवाणू त्याहून उत्साहाने कामाला लागतात आणि आंबटपणा वाढतो. विकरे स्टार्च आणि प्रथिने जास्त वेगाने तोडतात, त्यामुळे पीठ सैल आणि चिकट होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘तयार’ आणि ‘जास्त झाले’ यांच्यातले अंतर कमी होते. पीठ २७ अंशांना फुगत असेल तर योग्य क्षण पंधरा-वीस मिनिटे टिकतो. ३८-३९ अंशांना तो फोनवर बोलता बोलता निघून जातो. माझ्या पहिल्या पावात हेच झाले. भिंती ताणून ताणून इतक्या पातळ झाल्या होत्या की ओव्हनच्या उष्णतेने वायू प्रसरण पावताच त्या फाटल्या. कवच फिकट राहिले, कारण रंग आणण्यासाठी जी साखर शिल्लक राहायला हवी होती ती यीस्टने संपवली होती. भट्टीत व्यवस्थित तापूनही फिकट राहिलेला पाव दिसला तर तो जास्त वेळ आंबला होता, असे समजायला हरकत नाही.

म्हणून मळून झालेल्या पिठाचे तापमान २७ अंश हे आपले लक्ष्य. त्यावर आपला सर्वाधिक ताबा असतो तो पाण्यातून, कारण मैदा आणि हवा जशी असेल तशी घ्यावी लागते. बेकरीत वापरला जाणारा हिशोब सोपा आहे. लक्ष्याला तीनने गुणावे आणि त्यातून मैद्याचे तापमान, खोलीचे तापमान आणि मळण्याने वाढणारी उष्णता वजा करावी. उरेल ते पाण्याचे तापमान. हाताने दहा मिनिटे मळण्यासाठी मी तीन अंश धरतो. एक साधा डिजिटल थर्मामीटर, ज्याची सळई पिठात खुपसता येते, एवढाच खर्च.

दुसऱ्या प्रयत्नाच्या दिवशी खोली ३८ अंश आणि पत्र्याच्या डब्यातला मैदा ३६ अंश होता. २७ × ३ = ८१, त्यातून ३८, ३६ आणि ३ गेले की उरले ४. म्हणजे पाणी ४ अंशांचे हवे. पहिल्या दिवशी टाकीचे पाणी ४१ अंशांच्या आसपास होते असे धरले, तर पीठ जवळजवळ ३९ अंशांवर जाऊन बसले असणार. माठातले पाणी मोजले तर २६ अंश निघाले. ते ४ अंशांवर आणायला बर्फ किती लागेल, हेही काढता येते. एकूण पाण्याला तापमानातील फरकाने गुणावे आणि ८० अधिक माठाच्या पाण्याचे तापमान, एवढ्याने भागावे. पाणी ३१० ग्रॅम होते, म्हणून ३१० × २२ ÷ १०६, म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम बर्फ आणि २४६ ग्रॅम माठाचे पाणी. बर्फ पाण्याच्या वजनातच धरायचा, वरून नाही, आणि पूर्ण वितळल्याशिवाय पाणी पिठात घालायचे नाही.

साहित्य असे: मैदा ५०० ग्रॅम, पाणी वर सांगितल्याप्रमाणे ३१० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. मे महिन्यात ३ ग्रॅम पुरतात; थंडीत मी ५ घेतो. ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर पाव भाग वाढवावे आणि आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून फेस येतो का पाहावे; हे पाणीही एकूण पाण्यातूनच काढावे. फेस आला नाही तर ते यीस्ट मेलेले आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

परातीत मैदा आणि साखर एकत्र करून त्यात थंड पाणी घालावे आणि हाताने ओबडधोबड गोळा करावा. यीस्ट अजून घालायचे नाही. कोरडे यीस्ट थेट बर्फाळ पाण्यात पडले तर जागे होताना पेशींच्या आवरणातून काही द्रव्ये बाहेर झिरपतात, त्यांतले ग्लुटाथायोन ग्लुटेनची भिंत ढिली करते आणि यीस्टचा जोरही कमी होतो. मैद्याची उष्णता मिळून गोळा पाच मिनिटांत पंचविशीच्या आसपास आला की त्यावर यीस्ट पसरून मळायला घ्यावे. दोन-तीन मिनिटांनी मीठ आणि शेवटी तेल घालावे. मीठ ग्लुटेनला घट्ट करते आणि यीस्टला जरा आवर घालते. उन्हाळ्यात हा आवर हवाच असतो, त्यामुळे मीठ विसरलेले पीठ किती बेभान फुगते हे एकदा तरी अनुभवाला येते. दहा-बारा मिनिटे तळहाताने पुढे ढकलत आणि घडी घालत मळावे. सुरुवातीला चिकटते म्हणून कोरडा मैदा वाढवत राहू नये. ग्लुटेन जुळू लागले की चिकटपणा आपोआप कमी होतो. मांड्याची परीक्षा घ्यावी आणि थर्मामीटर खुपसावा. माझे पीठ त्या दिवशी २८ अंश भरले.

भांड्याला तेलाचा हात लावून गोळा ठेवावा आणि झाकण असे घालावे की हवा लागणार नाही. खानदेशातल्या कोरड्या हवेत हे फार महत्त्वाचे आहे. मी एकदा भांडे पातळ फडक्याने झाकून कूलरसमोर ठेवले होते, थंड राहील म्हणून. अर्ध्या तासात पिठावर पापुद्रा आला, पीठ त्याखाली फुगायला धडपडत राहिले आणि शेवटी एका बाजूने फाटले. त्याऐवजी स्टीलचे घट्ट झाकण घालून भांडे माठाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावे आणि बाहेरून ओले फडके गुंडाळावे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी इतक्या वेगाने सुकते की भांडे खोलीपेक्षा पुष्कळ थंड राहते. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही, पण तोवर खोलीही निवलेली असते.

पीठ दुप्पट झाले का, हे रुंद भांड्यात नजरेने सांगणे कठीण असते. म्हणून त्याच पिठातला सुपारीएवढा तुकडा काचेच्या सरळ, अरुंद ग्लासात दाबून बसवावा, उंचीवर रबरबँड लावावा आणि भांड्याजवळच ठेवावा. त्या ग्लासात आत काय घडते तेही दिसते. पहिली वीस मिनिटे काहीच हलत नाही, कारण वायू अजून पाण्यात विरघळतो आहे. नंतर काचेला लागून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात आणि मग तेच ठिपके मोठे होत जातात. माझा तुकडा रबरबँडच्या दुप्पट उंचीवर यायला त्या दिवशी सत्तर मिनिटे लागली.

मग पीठ ओट्यावर काढून तळहाताने हलके दाबावे, तीन घड्या घालून घट्ट गुंडाळी करावी आणि जोड खाली करून नऊ इंच लांब, पाच इंच रुंद साच्यात ठेवावी. दुसऱ्या फुगण्याला पहिल्याहून कमी वेळ लागतो. माझ्याकडे चाळीस मिनिटे लागली. इथे घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. मैदा लावलेले बोट अर्धा इंच दाबून काढले आणि खड्डा लगेच भरून आला, तर अजून थांबावे. तो हळूहळू अर्धवट भरला आणि थोडी खूण राहिली, तर ओव्हनमध्ये घालावे. खड्डा तसाच राहिला किंवा आजूबाजूचे पीठ खाली बसले, तर वेळ टळली आहे. अशा वेळी ते पीठ तसेच भाजण्यापेक्षा दाबून, पुन्हा गुंडाळी करून तिसऱ्यांदा फुगवलेले बरे. पाव जरा कमी उंच होतो आणि वास अधिक आंबूस येतो, पण बसत नाही. फुगणे अपुरे राहिले तर उलट खूण दिसते: पाव कडेने फाटतो आणि तळाशी घट्ट थर राहतो.

ओव्हन २०० अंशांवर आधीच तापवलेला असावा. पहिल्या आठ-दहा मिनिटांत पाव शेवटची उडी घेतो. त्यामागे एकच कारण नसते. पीठ तापते तसे यीस्ट मरण्याआधी थोडा वेळ जोरात काम करते, पाण्यात विरघळून राहिलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून बुडबुड्यांत शिरतो, अल्कोहोल आणि पाण्याची वाफ होते आणि आत असलेला वायू प्रसरण पावतो. यात यीस्टचा वाटा थोडाच असतो; मोठा वाटा असतो तो त्याने आधी साठवून ठेवलेल्या वायूचा आणि तो धरून ठेवणाऱ्या भिंतींचा. त्यानंतर स्टार्च पाणी शोषून घट्ट होते, ग्लुटेन जागच्या जागी शिजते आणि ताणलेली जाळी कायमची होते. या काळात ओव्हनचे दार उघडू नये, कारण भिंती अजून शिजलेल्या नसतात. पस्तीस-चाळीस मिनिटांनी मध्यभागी थर्मामीटर ९४-९५ अंश दाखवतो. तो नसेल तर साच्यातून काढून तळाला टिचकी मारावी आणि पोकळ आवाज येतो का ऐकावे.

जानेवारीत हाच हिशोब उलटा होतो. धुळ्याकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्याही खाली जातो. त्या दिवसांत स्वयंपाकघर १८ अंश आणि मैदा १७ अंश असेल तर ८१ मधून १८, १७ आणि ३ वजा जाऊन पाणी ४३ अंशांचे निघते. ते चालते, कारण थंड मैद्यात पडताच ते खाली उतरते, मात्र यीस्ट इथेही गोळा झाल्यावरच घालावे. हिशोबात पाणी ४५ अंशांच्या वर जायला लागले तर तिथेच थांबावे. त्याहून गरम पाणी घालण्यापेक्षा पीठ जरा थंड राहू द्यावे आणि बंद ओव्हनमध्ये, खालच्या कप्प्यात कढत पाण्याचे पातेले ठेवून, दोन तास सावकाश फुगू द्यावे.